महापालिकेचा बाँड घेण्याआधी बघा, पैसा नेमका कुठून परत येणार

ताई, नमस्कार. मी महावितरणमधून रिटायर झालोय, वय 63, हडपसरला राहतो. फंडाचे 40 लाख एकाच बँकेत एफडीत आहेत, त्यातल्या 15 लाखांची मुदत पुढच्या महिन्यात संपते. बाँड विकणारा एक ओळखीचा मुलगा म्हणतो, महापालिकेचा बाँड घ्या, एए प्लस रेटिंग आहे, आठ टक्क्यांच्या आसपास सुटतात आणि महापालिका काय पळून जाणार आहे का. न्यू जर्सीतला पुतण्या म्हणतो, तिकडे असल्या बाँडचं व्याज टॅक्स फ्री असतं, काका डोळे झाकून घ्या. आमची ही म्हणते, ज्यांना गल्लीतला खड्डा बुजवता येत नाही त्यांना आपले पैसे कशाला. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, हडपसर

काका नमस्कार,

पुतण्याचं आधी निकालात काढू कारण ते सगळ्यात सोपं आहे. अमेरिकेत शहरांच्या बाँडवरच्या व्याजाला बहुतेक वेळा तिथला केंद्राचा इन्कम टॅक्स लागत नाही, त्यामुळे तो त्याच्या जागी बरोबर आहे. पण आपल्याकडे पुण्याने 2017 मध्ये काढलेले, इंदूरने 2023 मध्ये काढलेले, पिंपरी-चिंचवडचे, या सगळ्यांचं व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातं आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो, अगदी एफडीसारखा. म्हणजे आठ टक्के म्हणजे हातात आठ टक्के नाहीत, आणि तुलना करायची तर एफडीच्या व्याजाशीच करायची.

आता मुद्द्याचं. मी एका महापालिकेच्या लेखा विभागात 14 वर्षं काढली, नाव सांगत नाही, पण तिथे बसून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की महापालिकेकडे पैसा आहे का हा प्रश्नच अर्धवट आहे. दर मार्चला आमच्याकडे ठेकेदारांच्या बिलांच्या फायलींचा ढीग लागायचा, काम झालेलं, मोजमाप पुस्तकात नोंद झालेली, बिल पास झालेलं, पण पैसे नाहीत म्हणून फाईल टेबलाखाली. आणि त्याच महिन्यात पगार मात्र एक तारखेला, पेन्शन एक तारखेला, वीजबिल वेळेवर. म्हणजे तिजोरी तीच, पण रांगेत कोण पुढे आणि कोण मागे यावर सगळं ठरायचं. तुमच्या बाँडचंही तसंच आहे, त्यामुळे महापालिका पळून जाईल का यापेक्षा तुम्ही रांगेत कितव्या नंबरवर उभे आहात ते विचारायला हवं.

आणि यासाठी पुण्याचाच बाँड बघू, घरचंच उदाहरण आहे. जून 2017 मध्ये पुणे महापालिकेने 24 तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी 200 कोटी उभे केले, व्याज 7.59 टक्के, मुदत 10 वर्षं, दर सहा महिन्यांनी व्याज, मुंबई शेअर बाजारात नोंदणी, रेटिंग एए प्लस. मागणी कितीतरी पट आली होती. सेबीने 2015 मध्ये महापालिकांच्या बाँडसाठी वेगळे नियम केले, त्यानंतरचा हा पहिला मोठा बाँड, म्हणून तेव्हा खूप गाजावाजा झाला. पण तो मोठ्या गुंतवणूकदारांनी घेतला, बँका, विमा कंपन्या, फंड असे, तुमच्यामाझ्यासारख्यांना तो खुला नव्हताच.

आता याची परतफेड बघा. 200 कोटींवर 7.59 टक्के म्हणजे वर्षाला 15 कोटी 18 लाख व्याज, दर सहामाहीला 7 कोटी 59 लाख. मुद्दल शेवटी एकदम द्यायचं असं धरलं तर दरवर्षी थोडे थोडे बाजूला ठेवावे लागतात, त्याला सिंकिंग फंड म्हणतात. त्या बाजूला ठेवलेल्या पैशावर साडेसहा टक्के मिळतील असं धरून मी गणित केलं तर वर्षाला साधारण 15 कोटी बाजूला टाकले की दहाव्या वर्षी 200 कोटी तयार होतात. म्हणजे व्याज आणि हे मिळून वर्षाला 30 कोटी. आणि पुण्याचा मिळकतकर तेव्हाच वर्षाला हजार कोटींच्या वर येत होता. हजारातले तीस, शंभर रुपयातले तीन. इतकं सोपं असल्यावर एए प्लस मिळणारच ना.

पण हे तीन रुपये आपोआप बाजूला पडत नाहीत आणि खरी गोम इथेच आहे. मिळकतकराचे पैसे नेहमीसारखे महापालिकेच्या जनरल खात्यात आले असते तर तुम्ही पगार, पेन्शन, वीजबिल, ठेकेदार, सगळ्यांबरोबर त्याच गर्दीत उभे राहिला असता. म्हणून एस्क्रो नावाचं वेगळं खातं करतात. लोकांनी भरलेला मिळकतकर आधी त्या खात्यात येतो, त्यातून व्याजाचा आणि सिंकिंग फंडाचा त्या महिन्याचा वाटा आधी कापून वेगळ्या खात्यांत जातो, बहुतेक वेळा एका हप्त्याइतकी राखीव रक्कमही कायमची ठेवलेली असते, आणि हे सगळं झाल्यावर जे उरेल ते महापालिकेला वापरायला मिळतं. यावर लक्ष ठेवायला ट्रस्टी असतो, तो बाँडधारकांच्या वतीने असतो, महापालिकेच्या नाही. थोडक्यात तुम्ही पगाराच्याही आधी रांगेत उभे. लेखा विभागातल्या कुणालाही विचारा, महापालिकेत पगाराच्या आधी कुणी पैसे नेणं ही किती मोठी गोष्ट आहे.

महापालिका बुडते का असं तो मुलगा गृहीत धरून बोलतोय ना, तर शहरं बुडतात, अमेरिकेत बुडालीत. डेट्रॉइट शहराने 18 जुलै 2013 ला दिवाळखोरीचा अर्ज केला, देणं सुमारे 18 अब्ज डॉलर. त्यात ज्यांच्याकडे नुसते शहराच्या शब्दावर काढलेले बाँड होते त्यांना पूर्ण पैसे मिळाले नाहीत, काहींना डॉलरमागे 74 सेंटच्या आसपास मिळाले आणि काहींना त्याच्याही निम्म्याच्या जवळपास, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनलासुद्धा कात्री लागली. पण पाणी आणि सांडपाण्याच्या बिलांवर ज्यांचा आधी हक्क होता ते बाँडधारक जवळजवळ सुखरूप बाहेर पडले. शहर एकच, दिवाळखोरी एकच, पण पैसा कुठल्या नळातून येतो ते वेगळं होतं म्हणून निकाल वेगळा लागला. आपल्याकडे महापालिकेसाठी असा दिवाळखोरीचा कायदाच नाही, म्हणजे उद्या कुणी थकलंच तर कोण कुणाला किती देणार याची ठरलेली वाट नाही, राज्य सरकार काय करतं त्यावर सगळं. म्हणून तर एस्क्रोची बांधणी आपल्याकडे जास्तच महत्त्वाची.

आता रेटिंगबद्दल. एए प्लस म्हणजे सगळ्यात वरच्या एएएच्या खालची पायरी, चांगलीच आहे, त्यात शंका नाही. केंद्राच्या शहरांसाठीच्या अमृत योजनेत साडेचारशेहून जास्त शहरांचं रेटिंग केलं गेलं, त्यातली गुंतवणूकयोग्य म्हणावी अशी 163 निघाली आणि ए मायनस किंवा त्याच्या वर फक्त 36. म्हणजे जी शहरं बाँड काढतात ती मुळातच वर्गातली हुशार मुलं असतात, सगळ्या महापालिका अशा नाहीत. पण रेटिंग कशाचं आहे ते समजून घ्या, ते फक्त इतकंच सांगतं की व्याज आणि मुद्दल ठरल्या दिवशी पूर्ण मिळण्याची शक्यता किती. शहर नीट चालतं का, पाणी येतं का, तुमच्या गल्लीतला खड्डा बुजतो का, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. त्यामुळे काकू चुकीचं बोलत नाहीयेत पण दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, खड्डा बुजत नाही हे रांगेत शेवटी उभ्या असलेल्या ठेकेदाराचं दुःख आहे आणि बाँडधारक रांगेत पहिला आहे. आणि हेही लक्षात ठेवा की रेटिंगची फी महापालिकाच भरते आणि रेटिंग एका दिवसाचं असतं, दरवर्षी तपासतात आणि खाली आणता येतं.

खाली येतं म्हणजे काय त्याचं उदाहरण आंध्रचं आहे. अमरावती राजधानी उभारण्यासाठी तिथल्या प्राधिकरणाने ऑगस्ट 2018 मध्ये 2,000 कोटींचे बाँड काढले, व्याज 10.32 टक्के, मागे राज्य सरकारची हमी. पुण्याने वर्षभर आधी 7.59 ला पैसे उचलले आणि इथे 10.32, हा पावणेतीन टक्क्यांचा फरक बाजाराने फुकट दिला नव्हता. 2019 मध्ये सरकार बदललं, राजधानीचं काम थांबलं, आणि रेटिंग खाली आलं. प्राधिकरणाचं स्वतःचं उत्पन्न जमिनीच्या विक्रीवर अवलंबून आणि राजधानीच होणार नसेल तर जमीन कोण घेणार, मग सगळा भार राज्याच्या अंदाजपत्रकावर. त्यामुळे कुणी जास्त व्याज दाखवलं की आधी विचारायचं की हे जास्तीचे टक्के कशाच्या भीतीचे आहेत.

मग पुण्यासारख्या ठिकाणी भीती कशाची, तर माझ्या मते तीन ठिकाणी बघायचं.

पहिलं म्हणजे परतफेडीचा नळच बारीक होऊ शकतो, आणि तो बंद करणारा हात बाहेरचा असतो. तुम्ही हडपसरचे, तुम्हाला मिळकतकराच्या सवलतीसाठीचा पीटी 3 फॉर्म आठवत असेल. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात 40 टक्के सवलत पुण्यात 1970 पासून होती, ती 2019 मध्ये गेली, लोकांना वाढीव बिलं आली, आणि 2023 मध्ये राज्य सरकारने परत दिली. नागरिक म्हणून मला ती सवलत हवी आहे, मी स्वतः फॉर्म भरलाय. पण बाँडधारक म्हणून बघितलं तर अर्थ असा की ज्या कराच्या भरवशावर तुम्हाला व्याज मिळणार तो किती घ्यायचा हे महापालिका एकटी ठरवत नाही. मुंबईत 2022 च्या सुरुवातीला 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला, तोही असाच वरून. आता हजारातले तीस लागत असतील तर अशा सवलतीने तुमच्या हप्त्याला काही होत नाही, पण हजारातले तीनशे लागत असते तर झालं असतं.

आणि हे तीनशे मी हवेत बोलत नाहीये. पुण्याला पाणी योजनेसाठी एकूण 2,264 कोटी उभे करायची परवानगी होती, 200 कोटी हा नुसता पहिला हप्ता. 200 ला वर्षाला 30 लागतात तर 2,264 ला त्याच हिशेबाने साधारण 340 कोटी लागतील. त्या वेळच्या मिळकतकराच्या जवळजवळ तिसरा हिस्सा झाला हो! प्रत्यक्षात पुढचे हप्ते लांबतच गेले म्हणून तसं झालं नाही, पण बाँड घेताना आत्ता किती कर्ज आहे इतकंच बघून चालत नाही, तुमच्यानंतर त्याच कराच्या नळाला आणखी किती तोंडं लावायची सोय कागदात आहे ते बघावं लागतं. माहितीपत्रकात पुढच्या कर्जाबद्दलची अट असते, नव्या कर्जानंतरही हप्त्याच्या इतके पट उत्पन्न राहिलं पाहिजे अशी. ती अट असेल तर बरं, नसेल किंवा ढिली असेल तर ते रेटिंग आजच्यापुरतं समजायचं.

याच्यात एक जुनी गोष्ट सांगते कारण ती माझ्या फार आवडीची आहे. आपल्या देशात राज्याच्या हमीशिवाय पहिला महापालिका बाँड अहमदाबादने 1998 मध्ये काढला, 100 कोटी, 14 टक्के व्याज, 7 वर्षं मुदत, आणि तारण काय तर 10 जकात नाक्यांची वसुली. पुढच्याच वर्षी आपल्या नाशिकने 14.75 टक्क्यांनी 100 कोटी उचलले होते, तेव्हाचे दरच तसे. जकात म्हणजे रोजचा रोख पैसा, ट्रक आला की पैसे, त्याच्यापेक्षा भक्कम तारण तेव्हा कुणाला सुचलं नसतं. आणि 2007 मध्ये गुजरातने जकातच बंद केली. बाँडची सात वर्षं तोवर संपली होती म्हणून निभावलं. आपल्याकडेही जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, 2017 पासून जीएसटीच्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना दरमहा अनुदान देतं, वर्षाला 8 टक्के वाढीच्या हिशेबाने. पुण्यासारख्या शहराच्या उत्पन्नात आज हे अनुदान फार मोठं आहे, आणि ते राज्याच्या तिजोरीतून येतं. म्हणून महापालिकेचं उत्पन्न इतके हजार कोटी असं कुणी सांगितलं की विचारायचं यातलं स्वतः गोळा केलेलं किती आणि वरून आलेलं किती.

दुसरी जागा म्हणजे उचललेला पैसा कामाला लागतो का. पुण्याच्या बाबतीत बाँडचे पैसे जूनमध्ये आले आणि पाणी योजनेचं टेंडर अंदाजापेक्षा बरंच चढं आलं, वाद झाला, ते रद्द करून पुन्हा काढावं लागलं. तोवर बाँडचे पैसे बँकेत एफडीत पडून. 7.59 टक्क्यांनी उचलायचे आणि त्याहून कमी व्याजाने ठेवायचे, 200 कोटींवर एक टक्क्याचा फरक धरला तरी वर्षाला 2 कोटी नुसते गेले. केंद्राने बाँड काढल्याबद्दल 26 कोटींचं प्रोत्साहन अनुदान दिलं होतं म्हणून ते तितकं दुखलं नाही, पण नागरिक म्हणून मला अजून दुखतं, कारण टेंडरची तयारी पक्की व्हायच्या आधी कर्ज घ्यायची घाई कशाला केली याचं उत्तर कुणी नीट दिलेलं मी वाचलं नाही. बाँडधारकाला याची थेट झळ लागली नाही कारण त्याचं व्याज मिळकतकरातून येत होतं, पाण्याच्या मीटरमधून नाही. पण उलटा विचार करा, बाँड पाणीपट्टीच्या भरवशावर असता आणि मीटर बसायला पाच वर्षं उशीर झाला असता तर? म्हणून ज्या योजनेसाठी कर्ज आहे तीच परतफेड करणार आहे की दुसरा कर, हे दोन शब्दात विचारून घ्यायचं.

इंदूरचा बाँड यात शिकण्यासारखा आहे आणि तो तुमच्यासारख्यांनाही खुला होता. फेब्रुवारी 2023, 244 कोटी, 8.25 टक्के, दर सहा महिन्यांनी व्याज, कमीत कमी 10 हजार रुपये भरून कुणालाही घेता आला. इंदूरचं पाणी नर्मदेवरून जलूदहून लांबून आणि वर चढवून आणावं लागतं, विजेचं बिल प्रचंड, म्हणून जलूदलाच 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प. इथे पैसा कमवायचा नाही, खर्च वाचवायचा आहे, आणि वाचलेला खर्च हा वसूल करावा लागत नाही, त्याची थकबाकी राहत नाही. मला ही रचना आवडली. दुसरं असं की हजाराचा बाँड 250 च्या चार तुकड्यांत होता, एक तुकडा 3 वर्षांनी परत, मग 5, मग 7, शेवटचा 9 वर्षांनी, त्यामुळे मुद्दलाचा डोंगर एकाच दिवशी उभा राहत नाही. तरी त्याला दोन एजन्सींनी वेगवेगळं रेटिंग दिलं होतं, एकीने एए प्लस, दुसरीने एए. विकणारा तुम्हाला दोन्हीतलं वरचंच सांगणार, तुम्ही खालचं धरून चाला.

तिसरी जागा म्हणजे मगाशी सांगितलेला फायलींचा ढीग. महापालिकेवर कर्ज किती असं विचारलं की बँकेचं आणि बाँडचं सांगतात, पण ठेकेदारांची न दिलेली बिलं हे पण कर्जच आहे, फक्त त्याला कुणी कर्ज म्हणत नाही. आमच्याकडे मुख्यसभेत अंदाजपत्रक मांडायच्या आधी स्थायी समितीत जमेचा आकडा फुगायचा, बांधकाम परवानगीतून इतके कोटी येतील, थकबाकीतून तितके येतील, आणि त्या फुगलेल्या आकड्यावर कामं मंजूर व्हायची. पैसे आले नाहीत की बिलं पुढच्या वर्षात. हे असं तीन-चार वर्षं चाललं की शहर कागदावर शिलकीचं आणि आतून पोकळ. मग थकबाकी वसूल करायला अभय योजना आणतात, शास्तीत सूट, आणि जो दरवर्षी वेळेवर भरतो त्याला वाटतं आपणच मूर्ख, पुढच्या वर्षी तोही थांबतो.

हे बाहेरून कळतं कसं, तर रेटिंग एजन्सीची टिपणी वाचायची, ती त्यांच्या वेबसाईटवर फुकट असते, चार-पाच पानं. त्यात मिळकतकराची चालू मागणी किती आणि त्यातली वसूल किती ते असतं. चालू मागणी म्हणजे यावर्षीची, जुनी थकबाकी धरून नाही, कारण थकबाकीत मेलेली, कोर्टात अडकलेली, दोनदा नोंदलेली घरंसुद्धा असतात आणि त्याने टक्केवारी उगाच वाईट दिसते. चालू मागणीतले 80 च्या वर टक्के त्याच वर्षी येत असतील तर कर विभाग जागा आहे असं मी धरते, 60 च्या खाली असेल तर मी दोन हात लांब. मग ठेकेदारांची देणी वर्षागणिक वाढतायत का ते बघायचं, आणि लेखापरीक्षण झालेले शेवटचे हिशेब कुठल्या वर्षाचे आहेत ते. दोन-तीन वर्षं जुने हिशेब दाखवून कुणी बाँड विकत असेल तर मी तिथेच थांबेन.

आता तुमच्या 15 लाखांचं. बुडण्यापेक्षा तुम्हाला जास्त त्रास कशाचा होईल सांगते, मधेच पैसे लागले तर. एफडी मोडता येते, थोडं व्याज कापतात आणि पैसे हातात. बाँड मोडता येत नाही, विकावा लागतो, आणि महापालिकेच्या बाँडला शेअर बाजारात नाव असलं तरी रोज गिऱ्हाईक नसतं. समजा तुमच्याकडे 7.59 टक्क्यांचा 10 लाखांचा बाँड आहे, पाच वर्षं उरलीत आणि बाजारात तसेच नवे बाँड साडेआठ टक्क्यांनी मिळायला लागले, तर तुमचा कोण पूर्ण भावाने घेणार, हिशेबाने तो साधारण 9 लाख 64 हजारांना जाईल, आणि घाईत विकला तर घेणारा आणखी खाली मागणार. महापालिकेने एक पैसाही चुकवलेला नसताना तुमचे 36 हजार गेले. मुदत संपेपर्यंत धरून ठेवणार असाल तर याची काळजी नाही, पण 63 व्या वर्षी दवाखाना सांगून येत नाही.

आणखी एक, बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, बाँडला असा काही विमा नाही. (आणि 40 लाख एकाच बँकेत आहेत तर तेही दोन-तीन बँकांत विभागा, हे बाँड घ्या न घ्या.)

म्हणून मी तुमच्या जागी असते तर आधी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत जागा आहे का बघितलं असतं, तिथे सध्या 8.2 टक्के मिळतात, दर तीन महिन्याला व्याज, मागे केंद्र सरकार, मर्यादा 30 लाख. बाँडमध्ये आठच्या आसपास मिळणार असतील तर जास्तीची जोखीम घेऊन कमीच मिळतंय, मग कशाला? ते 30 लाख भरून झाले, दोन वर्षांच्या घरखर्चाचे आणि दवाखान्याचे पैसे एफडीत वेगळे राहिले, आणि तरीही बाँड घ्यायची इच्छा असेल तर 15 नाही, दोन-तीन लाख, आणि तेही मुदत पाच वर्षांच्या आत संपणारा.

त्या मुलाला फोन करून इतकंच विचारा की हा नेमका कुठल्या महापालिकेचा आणि कुठल्या वर्षाचा बाँड आहे, त्याचा आयएसआयएन नंबर, म्हणजे त्या बाँडचा स्वतंत्र ओळख क्रमांक, काय, एस्क्रो खात्यात कुठला कर येतो, मुद्दल एकदम मिळणार की तुकड्यांत, आणि एजन्सीची शेवटची टिपणी कुठल्या महिन्याची आहे. आणखी एक विचारा, हा बाँड तू मला ज्या भावाने देतोयस त्या भावाने उद्या परत घेशील का. या शेवटच्या प्रश्नाला तो किती भाव सांगतो तो आकडा काकूंसमोर कागदावर लिहून ठेवा आणि मगच चेक फाडायचा का ते ठरवा. टिपणी मिळाली आणि वाचून काही अडलं तर मला पाठवा, चालू मागणी आणि वसुलीचं पान आपण मिळून बघू.

तुमची,
सदरातली ताई